प्लेटलेटची संख्या घटते तेव्हा : सरासरी आकारमान व अपक्व अंश यांचे वाचन

वर्षा ऋतूच्या उत्तरार्धापासून हेमंताच्या आरंभापर्यंत भंडारा जिल्ह्यातील बहुतेक चिकित्सालयांत ज्वराच्या रुग्णांबरोबर एक कागद हमखास येतो. तो असतो रक्ततपासणीचा अहवाल आणि त्यात प्लेटलेटच्या, म्हणजे रक्तबिंबिकांच्या, संख्येखाली लाल रेघ मारलेली असते. डेंग्यू, हिवताप आणि विदर्भात २०१८ साली मोठ्या प्रमाणावर आढळलेला स्क्रब टायफस या तिन्ही ज्वरांत ही संख्या घटते. रुग्णाचे नातेवाईक त्या एका आकड्याने भयभीत झालेले असतात आणि "नागपूरला न्यावे काय?" हा प्रश्न आपल्यापुढे ठेवतात. या प्रश्नाचे उत्तर केवळ संख्येवरून देता येत नाही, कारण संख्या सद्यःस्थिती सांगते, कारण सांगत नाही आणि पुढील दिशाही सांगत नाही.

त्याच अहवालात संख्येच्या खाली 'सरासरी प्लेटलेट आकारमान' म्हणजे एमपीव्ही हा आकडा छापलेला असतो. त्याकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. काही मोठ्या प्रयोगशाळांतून 'अपक्व प्लेटलेट अंश' म्हणजे आयपीएफ हा आणखी एक आकडा मिळू शकतो. घटलेल्या संख्येला या दोन आकड्यांमुळे नेमकी कोणती जोड मिळते आणि ते कोठे फसवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

प्लेटलेटचे वय आणि आकार

अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अतिशय मोठ्या पेशी असतात. त्यांच्या द्रवाचे लहान लहान तुकडे सुटून रक्तप्रवाहात येतात, तेच प्लेटलेट होत. त्यांना केंद्रक नसते. रक्तात त्यांचे आयुष्य सुमारे सात ते दहा दिवसांचे असते. मातृपेशीकडून आलेला आरएनएचा थोडा साठा नव्याने सुटलेल्या प्लेटलेटमध्ये शिल्लक असतो आणि साधारणतः एका दिवसात तो नाहीसा होतो. म्हणून ज्या प्लेटलेटमध्ये आरएनए भरपूर आढळतो ती नुकतीच जन्मलेली आहे, असे समजता येते. नवजात प्लेटलेट बहुधा जुनीपेक्षा आकारानेही मोठी असते.

संख्या घटण्याची कारणे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात अस्थिमज्जा पुरेशा प्लेटलेट निर्माणच करीत नाही. दुसऱ्यात निर्मिती होत असते, परंतु रक्तात किंवा प्लीहेत त्यांचा नाश, वापर अथवा साठा वाढलेला असतो. दुसऱ्या प्रकारात अस्थिमज्जा निरोगी असेल तर ती निर्मितीचा वेग वाढवते आणि त्यामुळे रक्तातील नवजातांचे प्रमाण वाढते. पहिल्या प्रकारात तसे होत नाही. कोठारातील धान्य कमी झाले असता पीकच आले नाही की आलेले धान्य कोणी नेले, हे रिकाम्या जागेवरून कळत नाही. नवे धान्य आत येत आहे काय, हे दारापाशी पाहावे लागते. एमपीव्ही आणि आयपीएफ हे दोन्ही आकडे त्या दाराशी उभे राहून केलेले निरीक्षण आहे. फरक इतकाच की पहिले दुरून केलेले आहे आणि दुसरे जवळून.

सरासरी आकारमान : सर्वत्र मिळणारा, परंतु नाजूक आकडा

तालुक्याच्या ठिकाणी सामान्यतः असणाऱ्या तीन-भागी गणकयंत्रातही एमपीव्ही निघतो. या यंत्रात रक्तपेशी एका सूक्ष्म छिद्रातून जाते. त्या वेळी विद्युत्प्रवाहात जो अडथळा येतो त्यावरून तिचे आकारमान मोजले जाते. परिणाम फेम्टोलिटर या एककात छापला जातो. निरोगी व्यक्तीत तो साधारणतः साडेसात ते साडेअकरा यांच्या दरम्यान असतो, परंतु ही मर्यादा प्रत्येक यंत्राची वेगळी असते. म्हणून अहवालावर त्या प्रयोगशाळेने छापलेली मर्यादाच ग्राह्य धरावी आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत.

संख्या कमी आणि एमपीव्ही वाढलेला असेल तर नाश अधिक व अस्थिमज्जा जागृत, असा कल दिसतो. संख्या कमी आणि एमपीव्ही कमी किंवा मध्यम असेल तर निर्मिती मंदावल्याचा संशय घ्यावा. 'कल' आणि 'संशय' हे शब्द आम्ही जाणूनबुजून योजले आहेत, कारण या आकड्याला तीन मोठ्या मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा वेळेची आहे. जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे द्रव्य असते. त्याच्या संपर्काने चकतीसारखी चपटी प्लेटलेट फुगून गोलाकार होते. हे फुगणे पहिल्या एक-दोन तासांत वेगाने आणि नंतर सावकाश चालू राहते. समजा, लाखांदूर तालुक्यातील एखाद्या गावी सकाळी आठ वाजता घेतलेला नमुना दुपारी दोन वाजता भंडाऱ्यास यंत्रात गेला. त्यातील एमपीव्ही रुग्णामुळे वाढला की प्रवासामुळे, हे सांगणे अशक्य होते. नमुना घेण्याची व मोजण्याची वेळ अहवालात नसेल तर या आकड्यावर कोणताही निष्कर्ष बांधू नये.

दुसरी मर्यादा संख्येची आहे. प्लेटलेट फारच कमी असल्यास यंत्राला त्यांच्या आकारांचा आलेख नीट काढता येत नाही. मग ते एमपीव्हीच्या जागी आडव्या रेघा छापते. याचा अर्थ आकडा शून्य आहे असा नसून मोजता आला नाही असा आहे. खेदाची बाब ही की ज्या रुग्णात आकड्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच रुग्णात तो मिळत नाही.

तिसरी मर्यादा स्वभावतःच असलेल्या भेदाची आहे. निरोगी माणसांतही ज्यांची संख्या मुळात थोडी कमी असते त्यांच्या प्लेटलेट थोड्या मोठ्या असतात. एक लक्ष साठ हजार संख्या आणि एमपीव्ही अकरा असा अहवाल असलेला धट्टाकट्टा शेतकरी रुग्ण नव्हे.

अपक्व अंश : टक्का आणि प्रत्यक्ष संख्या

आयपीएफमध्ये आकाराऐवजी आरएनएचा शोध घेतला जातो. रक्तात एक विशिष्ट रंगद्रव्य मिसळतात. ते आरएनएला चिकटते आणि लेसर किरण पडताच चमकते. जी प्लेटलेट अधिक चमकते ती नवजात, असे मानून अशा प्लेटलेटचे एकूण प्लेटलेटशी असलेले प्रमाण टक्क्यांत दिले जाते. ही सोय प्रथम सिसमेक्स कंपनीच्या मोठ्या गणकयंत्रांत आली. त्या यंत्रावरील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात निरोगी व्यक्तींचा टक्का सरासरी साडेतीनच्या आसपास, साधारण एक ते सहा या मर्यादेत आढळला. प्रतिकारशक्तीच्या विकृतीने प्लेटलेट नष्ट होण्याच्या आजारात तो सरासरी बावीसच्या जवळ होता. तीन-भागी साध्या यंत्रात ही सोय नसते. जेथे फ्लुरोसन्सवर आधारित मोठे यंत्र आहे तेथेच तपासणी होते आणि तेथेही ती बहुधा स्वतंत्रपणे मागावी लागते.

नमुना जुना झाल्यावर हा आकडाही बदलतो, परंतु एमपीव्हीइतका लवकर नव्हे. नमुना त्याच दिवशी मोजला गेला तर तो पुरेसा विश्वसनीय राहतो. दूर अंतरावरून नमुने पाठविणाऱ्या आपल्यासारख्यांस ही मोठी सोय आहे.

तथापि टक्का वाचताना एक चूक सहज होते. टक्का हा भागाकार आहे. वरचा आकडा वाढला तर तो वाढतो आणि खालचा घटला तरीही वाढतो. जुन्या प्लेटलेट झपाट्याने नष्ट होत असतील तर एकही जास्तीची नवजात न येता टक्का दुप्पट होऊ शकतो. म्हणून टक्क्याला एकूण संख्येने गुणून अपक्व प्लेटलेटची प्रत्यक्ष संख्या काढावी. गुणाकार साधा आहे. एकूण दोन लक्ष पन्नास हजार आणि टक्का साडेतीन असल्यास अपक्व प्लेटलेट सुमारे ८,७५० झाल्या. अस्थिमज्जा किती काम करीत आहे हे या संख्येवरून समजते. टक्का मात्र मागणी आणि पुरवठा यांचे नाते दाखवितो.

डेंग्यूचा एक रुग्ण : पाच दिवसांचे वाचन

आता हे सर्व एका उदाहरणात पाहू. पुढील रुग्ण व आकडे स्पष्टीकरणासाठी योजले आहेत, परंतु अशी वाटचाल डेंग्यूत नेहमी आढळते. मोहाडी तालुक्यातील चौतीस वर्षांचा शेतकरी. धानाच्या बांधावर काम करीत असताना थंडी वाजून ज्वर आला. तिसऱ्या दिवशी एनएस-१ तपासणी सकारात्मक आली. ज्वराच्या पहिल्या दिवसापासून मोजता चौथ्या ते आठव्या दिवसाचे अहवाल पुढीलप्रमाणे. सर्व संख्या एका मायक्रोलिटर रक्तातील आहेत.

चौथा दिवस : एकूण ६२,०००, अपक्व ४.१ टक्के, म्हणजे अपक्व सुमारे २,५००.
पाचवा दिवस : एकूण ३१,०००, अपक्व ८.९ टक्के, म्हणजे सुमारे २,८००.
सहावा दिवस : एकूण २४,०००, अपक्व १४.६ टक्के; म्हणजे सुमारे ३,५००.
सातवा दिवस : एकूण २९,०००, अपक्व १७ टक्के, म्हणजे सुमारे ४,९००.
आठवा दिवस : एकूण ५८,०००, अपक्व १२ टक्के, म्हणजे सुमारे ७,०००.

चौथ्या दिवशी संख्या बरीच घटली असूनही टक्का निरोगी माणसाइतकाच आहे. ही बाब वरकरणी समाधानकारक वाटते, परंतु तशी नाही. इतकी घट झाली असता जागृत अस्थिमज्जेने टक्का वाढवावयास हवा होता. डेंग्यूच्या आरंभी विषाणू अस्थिमज्जेचे कार्य काही काळ दडपतो आणि त्याच वेळी रक्तात नाशही चालू असतो. त्यामुळे या दिवशीचा 'सामान्य' टक्का मंद निर्मितीचे चिन्ह आहे. अपक्व प्लेटलेटची संख्या निरोगी माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे, हे गुणाकारावरून लगेच ध्यानात येते.

पाचव्या दिवशी टक्का दुपटीहून अधिक झाला. केवळ टक्का पाहणारा चिकित्सक येथे "सुधारणा सुरू झाली" असे म्हणेल. परंतु गुणाकार केल्यावर अपक्व संख्या अडीच हजारांवरून अठ्ठावीसशेपर्यंतच सरकलेली दिसते. टक्क्याची वाढ मुख्यतः जुन्या प्लेटलेट निम्म्या झाल्यामुळे आहे. या दिवशी धीर देण्याची घाई करू नये.

सहाव्या दिवशी एकूण संख्या सर्वांत कमी आहे आणि नातेवाइकांची चिंता सर्वांत अधिक. परंतु अपक्व संख्या आता खरोखरच वाढली आहे. अस्थिमज्जा जागी झाली असून तिचा माल रक्तात येऊ लागला आहे. सातव्या दिवशी एकूण संख्येत केवळ पाच हजारांची वाढ दिसते, ती मोजणीतील फरकाइतकीच आहे. अपक्व संख्या मात्र निःसंदिग्धपणे वर गेली आहे. आठव्या दिवशी एकूण संख्या दुप्पट होते आणि टक्का उतरू लागतो, कारण कालपर्यंतच्या नवजात प्लेटलेट आता प्रौढ होऊन एकूण संख्येत भर घालीत आहेत. टक्का उतरणे आणि संख्या चढणे ही एकत्रित चाल बरे होण्याची आहे. टक्का उतरत असता संख्याही उतरत असेल तर ती चाल अस्थिमज्जा थकल्याची आहे आणि रुग्णास त्वरित पुढे पाठवावयास हवे.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील प्रयोगशाळेने डेंग्यूच्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आयपीएफ दहा टक्क्यांहून वर गेल्यानंतर बहुतेक रुग्णांत चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत प्लेटलेटची संख्या वाढू लागल्याचे आढळले. अभ्यास लहान होता, म्हणून दहा टक्के ही रेघ प्रत्येक यंत्राला आणि प्रत्येक रुग्णाला जशीच्या तशी लावता येत नाही. परंतु संख्येच्या आधी एक-दोन दिवस आयपीएफ वाढतो, हे मूळ निरीक्षण वरील उदाहरणाशी जुळते. सहाव्या दिवशी चोवीस हजार संख्या असलेल्या रुग्णास रक्तस्राव नसेल आणि इतर लक्षणे स्थिर असतील, तर प्लेटलेट चढविण्याचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांस देण्याजोगे सकारण उत्तर या निरीक्षणामुळे मिळते. रक्तस्राव नसताना दहा हजारांच्या खाली गेल्याखेरीज प्लेटलेट देऊ नयेत, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही सांगितले आहे.

येथे एक इशारा देणे अत्यावश्यक आहे. डेंग्यूत मृत्यू बहुधा प्लेटलेटच्या अभावाने येत नाही. रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरून रक्तदाब कोसळतो, त्याने येतो. हे पाझरणे ज्वर उतरण्याच्या सुमारास, म्हणजे साधारणतः चौथ्या ते सहाव्या दिवशी होते. त्याची सूचना आयपीएफ देत नाही. ती हिमॅटोक्रिट चढण्यावरून, सततच्या उलट्या व पोटदुखीवरून, थंड पडलेल्या हातपायांवरून आणि मूत्राचे प्रमाण घटण्यावरून मिळते. आमच्या उदाहरणातील रुग्णाचा हिमॅटोक्रिट चौथ्या दिवशी एकेचाळीस आणि पाचव्या दिवशी पंचेचाळीस होता. आयपीएफ वाढत असला तरी त्या दिवशी त्याला देखरेखीखाली ठेवणे हेच योग्य होते. आयपीएफ चांगला म्हणून रुग्ण सुरक्षित, असे समीकरण कोणीही मांडू नये.

याच वाचनाचा आपल्या चिकित्सेशीही संबंध आहे. पपईच्या पानांचा रस किंवा गुडूचीचे कल्प डेंग्यूच्या रुग्णास अनेकदा पाचव्या-सहाव्या दिवशी, संख्या तळाला गेल्यावर, दिले जातात आणि दोन दिवसांनी संख्या वाढली की श्रेय औषधास मिळते. वरील रुग्णात सहाव्या दिवशी काहीही दिले असते किंवा दिले नसते, तरी अपक्व संख्या आधीच चढू लागली होती. ज्यांना आपल्या औषधाचा गुण खरोखर नोंदवावयाचा आहे त्यांनी औषध देण्यापूर्वीच्या अपक्व संख्येची नोंद ठेवावी आणि ती चढू लागण्यापूर्वी औषध सुरू झालेल्या रुग्णांचीच तुलना करावी. तसे न केलेली नोंद शास्त्रीय चर्चेत टिकणार नाही.

तीच संख्या, वेगळा अर्थ

आता दुसरे उदाहरण घेऊ. पवनी तालुक्यातील सेहेचाळीस वर्षांची स्त्री. तीन आठवड्यांपासून थकवा, हिरड्यांतून रक्त, मांड्यांवर निळे डाग. मध्यंतरी दोन दिवस अंग गरम झाले म्हणून तिला 'व्हायरल' समजून औषध देण्यात आले. प्लेटलेट २४,०००, म्हणजे वरील शेतकऱ्याच्या सहाव्या दिवसाइतक्याच. एमपीव्ही आठ, आयपीएफ ३.५ टक्के. गुणाकार केला असता अपक्व संख्या साडेआठशेपेक्षाही कमी येते, म्हणजे शेतकऱ्याच्या चौथा हिस्सा.

डेंग्यूच्या चौथ्या दिवशीही टक्का असाच सामान्य होता, हे वाचकांस स्मरत असेल. मग भेद कशाने करावा? कालमानाने. डेंग्यूत दडपण दोन-चार दिवसांत सुटते. येथे तीन आठवड्यांनंतरही अस्थिमज्जेकडून उत्तर नाही. शिवाय याच अहवालात हिमोग्लोबिन सात आणि पांढऱ्या पेशी अठराशे आहेत, म्हणजे तिन्ही पेशींची निर्मिती मंदावली आहे. अशा रुग्णात बी-१२ चा अभाव, अस्थिमज्जेचा शोष, रक्ताचा कर्करोग अथवा एखाद्या औषधाने अस्थिमज्जेवर झालेला परिणाम या शक्यता पुढे येतात. त्यांतील निवड आयपीएफ करीत नाही. ती रक्तलेप आणि आवश्यक तेथे अस्थिमज्जेची तपासणी करते. आयपीएफने एवढेच सांगितले की येथे वाट पाहणे चुकीचे आहे. परंतु तेवढे सांगणेही मोलाचे आहे, कारण केवळ संख्या पाहिली असता दोन्ही रुग्ण सारखेच दिसत होते.

अशा रुग्णात कारण निश्चित होईपर्यंत स्नायूत सूची देऊ नये, ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामके वर्ज्य करावीत. जलौकावचारण किंवा सिरावेध यांचा विचारही करू नये, कारण जळवेच्या लाळेत रक्त गोठण्यास रोखणारे हिरुडिन असते.

हे आकडे कोठे फसवतात

सर्वांत पहिली फसगत म्हणजे संख्या मुळात कमी नसणे. काही व्यक्तींच्या रक्तात ईडीटीएच्या सान्निध्यात प्लेटलेट एकमेकींस चिकटून गुठळ्या होतात. यंत्र एका गुठळीला एकच कण समजते किंवा पांढरी पेशी समजते आणि संख्या खोटी कमी येते. रुग्णास कसलेही लक्षण नसते. म्हणून अनपेक्षितपणे कमी आलेल्या प्रत्येक संख्येसाठी रक्तलेप पाहावयास सांगावे. लेपाच्या कडेला गुठळ्या दिसल्यास निळ्या टोपीच्या सायट्रेट नळीत पुन्हा नमुना घ्यावा आणि आलेल्या संख्येस १.१ ने गुणावे, कारण त्या नळीतील द्रवाने रक्त सुमारे एक दशांशाने पातळ होते.

दुसरी फसगत उलट दिशेची आहे आणि सिकलसेल व पांडुरोग विपुल असलेल्या पूर्व विदर्भात ती विशेष लक्षात ठेवावी. लोहाभावात किंवा थॅलॅसेमियात तांबड्या पेशी अतिशय लहान होतात. काही विकारांत त्यांचे तुकडेही रक्तात फिरतात. विद्युत्-अडथळ्यावर चालणारे यंत्र केवळ आकार पाहते, म्हणून ते या लहान कणांना प्लेटलेट समजून मोजते. परिणामी संख्या प्रत्यक्षाहून अधिक आणि एमपीव्हीही अधिक दिसतो. घट झाकली जाते. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान फारच कमी असताना प्लेटलेटची संख्या 'बरी' आली तर ती लेपावरून पडताळावी.

तिसरी फसगत जन्मजात मोठ्या प्लेटलेटांची. काही घराण्यांत प्लेटलेट आकाराने मोठ्या व संख्येने कमी असतात. पश्चिम बंगालमधील निरोगी रक्तदात्यांत अशी स्थिती आढळल्याचे वृत्त २००२ साली वेल्लोरच्या चिकित्सकांनी प्रसिद्ध केले. मोठ्या प्लेटलेटमध्ये आरएनएही अधिक असू शकतो, म्हणून आयपीएफ खूप वाढलेला दिसतो आणि नाशाचा आजार समजून स्टिरॉइड सुरू होण्याचा धोका असतो. जुने अहवाल मागून पाहणे हाच येथे उत्तम उपाय. दहा वर्षांपूर्वीही संख्या नव्वद हजार असेल आणि बाळंतपणात किंवा दात काढताना रक्त फार गेले नसेल, तर घाई करू नये.

चौथी गोष्ट लहान परंतु उपयोगी आहे. प्लेटलेट चढविल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात दात्याच्या प्लेटलेट मिसळलेल्या असतात. त्यामुळे टक्का घटतो आणि अस्थिमज्जा मंदावल्याचा आभास होतो. आयपीएफसाठी नमुना चढविण्यापूर्वी घ्यावा.

चिकित्सकाने काय मागावे, काय लिहावे

संख्या एक लक्षाच्या खाली गेलेल्या प्रत्येक रुग्णास आयपीएफ आवश्यक नाही. डेंग्यूचे निदान झालेला, लक्षणे स्थिर असलेला आणि संख्या पन्नास हजारांहून वर असलेला रुग्ण हिमॅटोक्रिट व रोजच्या तपासणीवर सांभाळता येतो. पुढील प्रसंगी मात्र तपासणीचा खर्च सार्थ ठरतो. एक, संख्या तीस हजारांच्या खाली असून रक्तस्राव नाही आणि प्लेटलेट चढविण्याचा निर्णय अडलेला आहे. दोन, ज्वर उतरून आठवडा झाला तरी संख्या चढत नाही. तीन, ज्वर नसताना संख्या कमी आली आहे.

प्रयोगशाळेस लिहिलेल्या चिठ्ठीत ज्वराचा कितवा दिवस आहे, नमुना किती वाजता घेतला, प्लेटलेट चढविल्या आहेत काय आणि चालू औषधे कोणती, या चार गोष्टी अवश्य लिहाव्यात. सोबत रक्तलेपाची मागणी करावी. अहवाल हाती आल्यावर प्रथम लेपाचे मत वाचावे, नंतर एकूण संख्या, मग गुणाकार करून अपक्व संख्या, आणि एमपीव्ही सर्वांत शेवटी, तोही नमुना दोन तासांच्या आत मोजला गेला असेल तरच. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा लागोपाठ दोन दिवसांची चाल अधिक बोलकी असते. म्हणून शक्य असेल तेथे दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, दिवसाच्या एकाच वेळी द्यावेत आणि दोन्ही दिवसांच्या अपक्व संख्या रुग्णाच्या कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात. रुग्णास पुढे पाठविण्याची वेळ आल्यास तो कागद त्याच्यासोबत जावा. ज्याच्या हाती तो पडेल त्या चिकित्सकास आपण कोठपर्यंत पाहिले आहे हे त्या दोन आकड्यांवरून समजेल.